कपटाने घडलेल्या कराराचे विखंडन : वस्तूची परतफेड आणि पैशाचा हिशेब

प्रास्ताविक

एखाद्याने खोटे सांगून दुसऱ्यास माल विकला, तर फसलेल्या व्यक्तीने माल परत करावा आणि आपले पैसे परत घ्यावेत, हा न्याय कोणासही सहज पटण्यासारखा आहे. अडचण येते ती यातील पहिल्या भागाविषयी. कपट व्यवहाराच्या दिवशीच उघडकीस येते असे क्वचित घडते. ते ध्यानात येईपर्यंत माल वापरला गेलेला असतो, जनावर थकलेले असते, खाणीतील खनिज उपसले गेलेले असते. घेतलेली वस्तू जशीच्या तशी परत देणे आता शक्य नसते. अशा वेळी ‘वस्तू परत नाही, तर पैसेही परत नाहीत’ असे म्हटले, तर काळ लोटल्याचा लाभ कपट करणाऱ्याला मिळतो. उलट वस्तूच्या अवस्थेचा विचार न करता सर्व पैसे परत द्यावयास लावले, तर फसलेल्या व्यक्तीला फुकटचा उपभोग मिळतो.

कराराचे विखंडन, म्हणजे फसलेल्या पक्षाने करार मागे घेऊन दोन्ही पक्षांना पूर्वस्थितीत आणणे, या उपायाचा इतिहास प्रामुख्याने या पेचाचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात तो चार टप्प्यांत पाहिला आहे : धर्मशास्त्रातील क्रयविक्रयानुशय, १८५८ चा इंग्लंडमधील एक निर्णय, सॉम्ब्रेरो बेटाचा १८७८ मध्ये निकालात निघालेला खटला आणि १८७२ चा भारतीय करार कायदा. या प्रवासात कायद्याची दृष्टी वस्तूच्या अवस्थेवरून हळूहळू दोन्ही पक्षांच्या हिशेबाकडे वळली, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

धर्मशास्त्रातील अनुशय

मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदी किंवा विक्री केल्यानंतर ज्याला पश्चात्ताप होईल, त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा घ्यावी, असा मनूचा सर्वसाधारण नियम आहे. नारदस्मृतीत हाच विषय अधिक बारकाईने आलेला आहे. खरेदी फसली असे ज्या ग्राहकास वाटेल त्याने त्याच दिवशी वस्तू ‘अविक्षत’, म्हणजे कोणतीही इजा न झालेल्या स्थितीत परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा हिस्सा त्याने सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट सोडावा. त्यानंतर मात्र वस्तू ग्राहकाचीच. तीस पणांची वस्तू असेल तर दुसऱ्या दिवशी एक पण व तिसऱ्या दिवशी दोन पण सोडावे लागत.

या नियमात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे परत करण्याच्या हक्काला वस्तूच्या अवस्थेची अट आहे. दुसरी म्हणजे विलंब झाला म्हणून हक्क एकदम नष्ट होत नाही. थोड्या विलंबाची किंमत ठरवून ती पैशात वळती केली जाते. वापर आणि काळ यांचा हिशेब करता येतो, ही जाणीव येथे बीजरूपाने आढळते.

मात्र अनुशय आणि कपट या दोन गोष्टी स्मृतिकारांनी एक मानल्या नाहीत. अनुशयात विक्रेत्याचा दोष असावा लागत नाही; ग्राहकाचे मन बदलले तरी पुरते. निर्दोष वस्तू दाखवून प्रत्यक्षात सदोष वस्तू देणाऱ्या विक्रेत्यासाठी नारदाने वेगळा नियम दिला आहे : त्याने किमतीच्या दुप्पट रक्कम द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा. येथे दिवसांची मोजणी नाही. लबाडी करणाऱ्याने ‘उशीर झाला’ असे म्हणावे, ही सवलत त्याला मिळत नाही. पश्चात्तापासाठी अल्प मुदत व कपटासाठी वेगळी वागणूक, हा भेद पुढील विवेचनातही उपयोगी पडणारा आहे.

खाटकाचे उदाहरण : १८५८

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये दोन प्रकारची न्यायालये होती. कॉमन लॉ न्यायालये प्रामुख्याने पैशाचा दावा मान्य किंवा अमान्य करीत. चॅन्सरी न्यायालय समन्यायाच्या तत्त्वांनुसार चाले. त्याला हिशेब तपासण्याची, अटी घालण्याची आणि दोन्ही पक्षांना परस्परांप्रती काय करावे लागेल हे ठरवून देण्याची यंत्रणा होती. विखंडनाचा पेच या दोन ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने सुटत असे.

क्वीन्स बेंच न्यायालयासमोर १८५८ मध्ये आलेला क्लार्क विरुद्ध डिक्सन हा खटला पहिल्या रीतीचा नमुना आहे. वादीने खाणीच्या एका कंपनीचे भाग संचालकांच्या खोट्या निवेदनांवर विसंबून घेतले होते. भाग घेतले तेव्हा ती जुन्या पद्धतीची भागीदारीवजा संस्था होती. पुढे ती मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नोंदली गेली आणि नंतर तिचे विसर्जन सुरू झाले. त्यानंतर निवेदने खोटी असल्याचे वादीला कळले आणि त्याने भरलेले पैसे परत मागितले. न्यायालयाने ते नाकारले. ज्या प्रकारचे भाग वादीने घेतले होते, ते आता अस्तित्वातच नव्हते. मग तो परत काय देणार?

न्यायमूर्ती क्रॉम्प्टन यांनी येथे एका खाटकाचा दाखला दिला. खाटकाने जिवंत गुरे घेतली, ती कापली आणि मांस गिऱ्हाइकांना विकलेही. त्यानंतर गुरे विकणाऱ्याचे कपट उघडकीस आले, तर खाटकाला संपूर्ण किंमत परत मागता येईल काय? तसे करू देणे न्याय्य होणार नाही, असे त्यांचे मत होते. करार मागे घ्यावयाचा तर तो संपूर्ण मागे घेतला पाहिजे. वस्तू ठेवून पैसे परत घेता येणार नाहीत. अशा व्यक्तीला कपटाबद्दल नुकसानभरपाईचा दावा मोकळा राहतो.

हा नियम वरवर कठोर वाटला तरी त्याला आधार आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात खाटकाला त्याचे खरे नुकसान, म्हणजे दिलेली किंमत व गुरांची खरी किंमत यांतील तफावत मिळू शकते. परंतु विखंडन आणि भरपाई यांत व्यवहारतः मोठा फरक आहे. भरपाईसाठी नुकसानीचा आकडा सिद्ध करावा लागतो आणि वस्तू फसलेल्या व्यक्तीच्याच गळ्यात राहते. विखंडनात ती वस्तू, तिच्या पुढील सर्व धोक्यांसह, ज्याने खोटे सांगितले त्याच्याकडे परत जाते. म्हणूनच वस्तू ‘जशीच्या तशी’ परत देण्याची अट किती ताणावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

सॉम्ब्रेरो बेटाचा खटला : १८७१–१८७८

या प्रश्नाला समन्यायाने दिलेले उत्तर सॉम्ब्रेरो बेटाच्या खटल्यात स्पष्ट झाले. सॉम्ब्रेरो हे कॅरिबियन समुद्रातील अँग्विलाजवळचे लहानसे खडकाळ बेट. त्यावर खतासाठी उपयोगी असणारे फॉस्फेट सापडत असे. तेथील खाणीचा पट्टा ज्या कंपनीकडे होता ती विसर्जनात गेली. पॅरिसमधील बँकर बॅरन एमिल एर्लांजर यांच्या नेतृत्वाखालील एका गटाने १८७१ मध्ये तो पट्टा ५५,००० पौंडांना घेतला. त्यानंतर काही आठवड्यांतच याच गटाने ‘न्यू सॉम्ब्रेरो फॉस्फेट कंपनी’ स्थापन करून तोच पट्टा तिला १,१०,००० पौंडांना विकला. यांपैकी ८०,००० पौंड रोख आणि ३०,००० पौंडांचे भाग होते. नव्या कंपनीचे संचालक एर्लांजर यांच्या गटानेच निवडलेले होते. विक्रेत्याच्या नावाआड कोण आहे आणि त्यांनी पट्टा नुकताच निम्म्या किमतीला घेतला आहे, हे भाग घेणाऱ्या सामान्य लोकांना सांगितले गेले नाही.

पुढे हकीकत बाहेर आली, भागधारकांनी संचालक मंडळ बदलले आणि नव्या मंडळाने १८७२ च्या अखेरीस चॅन्सरी न्यायालयात विखंडनाचा दावा लावला. प्रथम न्यायालयाने तो फेटाळला. अपील न्यायालयाने १८७७ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने १८७८ मध्ये तो कायम केला. येथे कोणी उघड खोटे विधान केले, हा मुख्य मुद्दा नव्हता. प्रवर्तक या नात्याने ज्यांच्यावर कंपनीच्या हिताची जबाबदारी होती, त्यांनी महत्त्वाची गोष्ट दडवली होती. जेथे बोलणे कर्तव्य असते तेथील मौनही करार मोडण्यास पुरेसे ठरले.

परंतु या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. दरम्यानच्या काळात कंपनीने खाण चालवली होती. बेटावरून फॉस्फेट काढले गेले होते. ते पुन्हा खडकात घालणे अशक्य होते. खाटकाचा नियम काटेकोरपणे लावला असता, तर दावा येथेच संपला असता. लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी दोन न्यायालयांच्या यंत्रणेतील फरक नेमका येथे दाखवून दिला. समन्यायाचे न्यायालय मिळालेल्या नफ्याचा हिशेब घेऊ शकते आणि वस्तूची जी झीज झाली तिची भरपाई ठरवू शकते. म्हणून पक्षांना तंतोतंत पूर्वस्थितीत आणता आले नाही, तरी व्यवहारतः न्याय्य ठरेल असे करता येत असेल, तर विखंडन द्यावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यानुसार बेट एका बाजूने परत गेले, किंमत दुसऱ्या बाजूने परत आली आणि मधल्या काळात खाणीतून मिळालेल्या उत्पन्नाचा हिशेब कंपनीने द्यावयाचा ठरला.

विलंबाचा मुद्दाही या खटल्यात निघाला. खाण हा चढउताराचा धंदा आहे. धंदा चालतो की नाही हे पाहत थांबावे आणि तोटा दिसल्यावर करार मोडावा, हे मान्य होण्यासारखे नाही. लॉर्ड केर्न्स यांना कंपनीने लावलेला विलंब अडचणीचा वाटला. बहुमताला मात्र तो दावा नाकारण्याइतका मोठा वाटला नाही.

भारतीय करार कायदा, १८७२

मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील चौथ्या रेग्युलेशनने मुफस्सल न्यायालयांना क्रम घालून दिला होता : आधी कायदे व रेग्युलेशने, मग देशातील वहिवाट, मग प्रतिवादीचा कायदा आणि यांपैकी काहीच नसल्यास न्याय, समता व सद्सद्विवेक. करारांच्या बाबतीत ही विविधता १ सप्टेंबर १८७२ रोजी भारतीय करार कायदा अंमलात आल्यावर बऱ्याच अंशी संपली. सॉम्ब्रेरोचा दावा लंडनमध्ये दाखल झाला तेही हेच वर्ष. म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सचा निर्णय येण्यापूर्वी सहा वर्षे भारतातील नियम लेखनिविष्ट झालेला होता.

या कायद्याच्या कलम १९ नुसार कपटाने मिळवलेल्या संमतीवर उभा असलेला करार आपोआप रद्द होत नाही. तो फसलेल्या पक्षाच्या इच्छेनुसार रद्द करता येतो. निळीच्या कारखान्याचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. कारखान्यात दरवर्षी पाचशे मण नीळ होते असे विक्रेत्याने फसवण्याच्या हेतूने सांगितले आणि त्यावरून दुसऱ्याने कारखाना घेतला, तर त्याला करार मोडता येतो. पुढच्याच उदाहरणात ग्राहक हिशेबाच्या वह्या पाहतो, त्यांत चारशेच मण दिसतात आणि तरीही तो कारखाना घेतो. येथे विक्रेत्याचे चुकीचे विधान त्याच्या संमतीचे कारण ठरत नाही, म्हणून करार टिकतो. यातून एक कसोटी मिळते : खोटे बोलले गेले एवढे सिद्ध करून भागत नाही, त्यामुळेच संमती दिली गेली हे दाखवावे लागते.

परतफेडीचा नियम कलम ६४ मध्ये आहे. करार रद्द करणाऱ्या पक्षाने त्या करारान्वये मिळालेला लाभ ‘शक्य असेल तितपत’ परत करावा, असा त्याचा आशय आहे. ‘शक्य असेल तितपत’ या लहानशा शब्दसमूहाने खाटकाच्या नियमाची धार भारतात पहिल्यापासूनच बोथट केली. पुढे १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याने हाच विचार अधिक नेमका केला. त्याच्या कलम २७ नुसार बदललेल्या परिस्थितीमुळे पक्षांना ‘मुख्यत्वे’ पूर्वस्थितीत आणता येत नसेल, तर न्यायालय विखंडन नाकारू शकते. परंतु तो बदल प्रतिवादीच्याच कृतीमुळे झालेला असेल, तर त्याला हा बचाव मिळत नाही. कलम ३० अन्वये न्यायालय विखंडन मिळवणाऱ्या पक्षाला लाभ परत करण्यास व न्याय्य भरपाई देण्यास सांगू शकते.

एका व्यवहाराचा हिशेब

हा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. एका शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर ४,००,००० रुपयांना घेतला. विक्रेत्याने तासांचे मीटर मागे फिरवले होते आणि इंजिन कधी उघडलेले नाही असे सांगितले होते. पाच महिन्यांनी इंजिन बंद पडले. ते उघडल्यावर पूर्वीची मोठी दुरुस्ती उघडकीस आली. शेतकऱ्याने ट्रॅक्टर चालू करून घेण्यासाठी २५,००० रुपये खर्च केले होते. पाच महिन्यांच्या वापराचे वाजवी भाडे ६०,००० रुपये धरू. शिवाय त्याच्याच निष्काळजीपणामुळे ट्रॅक्टर बांधाला धडकून ८,००० रुपयांचे नुकसान झाले होते.

ट्रॅक्टर परत करताना किंमत ४,००,००० आणि आवश्यक दुरुस्तीचा खर्च २५,००० हे शेतकऱ्याच्या बाजूला येतात. वापराचे ६०,००० आणि धडकेचे ८,००० त्यातून वजा होतात. विक्रेत्याने ३,५७,००० रुपये द्यावयाचे, असे उत्तर येते. इंजिन बंद पडल्यामुळे ट्रॅक्टरची जी किंमत घटली ती मात्र वजा होत नाही, कारण ती घट दडवलेल्या दोषातूनच आली आहे. वापरामुळे झालेली सामान्य झीज भाड्यातच आलेली असल्याने ती दुसऱ्यांदा धरणेही चुकीचे होईल. शेतकऱ्याने ट्रॅक्टरचा उपभोग घेतला तसा विक्रेत्याने पाच महिने पैशाचा उपभोग घेतला. म्हणून एका बाजूला भाडे धरल्यास दुसऱ्या बाजूला व्याजाचा विचार करणे न्याय्य ठरते. प्रत्यक्ष रकमा अर्थातच पुराव्यावर आणि न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहतात.

हा हक्क गमावण्याचे मार्गही याच उदाहरणात दिसतात. मीटरची लबाडी कळल्यानंतरही शेतकऱ्याने हंगामभर ट्रॅक्टर चालवला, तर त्याने करार स्वीकारला असे मानले जाईल. त्याने रद्द करीत असल्याचे विक्रेत्यास कळवले पाहिजे. कलम ६६ नुसार हे कळवणे प्रस्ताव कळवण्याच्याच नियमांनी होते, आणि तारीख असलेली लेखी नोटीस हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा. दाव्यात केवळ ‘फसवणूक झाली’ असे लिहून चालत नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कपटाचा तपशील, तारखांसह, द्यावा लागतो. विखंडनासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि करार रद्द करण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून ती मोजली जाते.

फसलेला पक्ष विक्रेता असेल, तर घाई अधिक करावी लागते. न वटणारा धनादेश देऊन माल नेणाऱ्याने, करार रद्द होण्यापूर्वीच, तो माल प्रामाणिक व अजाण ग्राहकास विकला, तर १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २९ नुसार त्या ग्राहकाला चांगला हक्क मिळतो. मूळ मालकाला मग वस्तू परत मिळत नाही. पैशासाठी लबाडाच्या मागे जावे लागते.

समारोप

नारदाच्या ‘अविक्षत’ शब्दापासून कलम ६४ मधील ‘शक्य असेल तितपत’ या शब्दांपर्यंतचा हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. नारदाने विलंबाचा हिशेब केला, पण तीन दिवसांनी दार बंद केले. १८५८ च्या न्यायालयाला मांस विकणाऱ्या खाटकात अन्यायाचा धोका दिसला, पण हिशेबाची यंत्रणा त्याच्या हाती नव्हती. सॉम्ब्रेरोच्या खटल्यात ती यंत्रणा उपलब्ध होती, आणि खडकातून गेलेले फॉस्फेट पैशाच्या रूपाने परत आणता आले. भारतीय कायद्याने ही लवचिकता कलमातच घातली. तरीही खाटकाचा दाखला पूर्णपणे कालबाह्य झालेला नाही. वस्तूच उरलेली नसेल, तर परत देण्यासारखे काहीच राहत नाही आणि फसलेल्या व्यक्तीला नुकसानभरपाईकडे वळावे लागते. वस्तू झिजलेली पण शिल्लक असेल, तर मात्र तिची झीज हे कपट करणाऱ्याचे संरक्षण होऊ शकत नाही. ती हिशेबातील केवळ एक रक्कम असते.